डब्याचे दोनशे रुपये वाढवताना

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर भागात किंवा पेठांमध्ये घरगुती डबे देणाऱ्या काकूंची कमी नाही. त्यांच्या ग्राहकांना अधूनमधून एक ठरावीक निरोप येतो: ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने दरवाढ करावी लागत आहे. ग्राहकांनी सहकार्य करावे ही विनंती.’ निरोप सभ्य असतो, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. किती वाढले, कधीपासून, कशामुळे? यातलं एकही उत्तर नसतं. मग ज्याला त्याला वाटतं की सगळे वाढवतात म्हणून यांनीही वाढवले.

यापेक्षा बरा निरोप लिहायचा तर आधी कागद-पेन घेऊन बसावं लागतं. समजा, एका काकूंचे साठ डबे आहेत. चार पोळ्या, भाजी, वरण, भात. महिन्याचे पंचवीस दिवस. दर २४०० रुपये. दोन वर्षं दर वाढवलेला नाही. या काळात एका डब्यामागे महिन्याचा खर्च किती वाढला ते मांडून पाहू.

दरवाढ म्हटली की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव तेलाचं येतं. एका डब्याला रोज साधारण तीस मिलिलिटर तेल धरलं तर महिन्याला पाऊण लिटर झालं. तेल लिटरमागे तीस रुपयांनी महागलं असेल, तर वाढ झाली साडेबावीस रुपये. व्यावसायिक सिलिंडर पाच दिवस पुरतो, म्हणजे महिन्याला पाच लागतात. प्रत्येकामागे दीडशे रुपये वाढले तरी साठ डब्यांत वाटून वाट्याला साडेबारा रुपयेच येतात. भाजी, डाळ, तांदूळ, कणीक मिळून पन्नास धरू. खरी वाढ पुढेच आहे. पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंचा दर पोळीमागे दीड रुपयावरून सव्वादोन झाला. महिन्याला शंभर पोळ्या, म्हणजे पंच्याहत्तर रुपये. डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार नऊ हजारांवरून बारा हजार झाला, म्हणजे डब्यामागे आणखी पन्नास. एकूण बेरीज २१० रुपये आणि त्यातले सव्वाशे मजुरीचे.

तेव्हा ‘तेल महागलं म्हणून दोनशे रुपये वाढवले’ असं सांगणं हिशोबात बसत नाही. ग्राहकही घरी तेल आणतो, त्याला भाव ठाऊक असतो. शिवाय तेलाचं कारण टिकत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के केलं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते दहा टक्क्यांवर आणलं. शुल्क उतरल्याची बातमी वाचून कुणी विचारलं, ‘काकू, आता डबा कधी उतरवताय?’ तर काय सांगणार? वाढलेली मजुरी मात्र खाली येत नाही. ती येऊ नये असंच बहुतेकांना वाटतं. म्हणून सांगायचं कारण एकच निवडायचं असेल तर ते सर्वांत मोठं आणि न उतरणारं निवडावं.

कारणाने खरंच फरक पडतो का? डॅनियल काहनेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडात लोकांना फोनवरून विचारलेले काही प्रश्न १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. मोठं हिमवादळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानदार ते २० डॉलर करतो. ८२ टक्के लोक म्हणाले, हा अन्याय आहे. पण दुकानदाराला सॅलडचा पाला घाऊक बाजारात जितका महाग पडला, तेवढीच वाढ त्याने गिऱ्हाइकाकडून घेतली, यावर ७९ टक्के लोकांची हरकत नव्हती. खर्च वाढला म्हणून दर वाढवला तर लोक समजून घेतात. आपली गरज पाहून वाढवला तर नाही. वर्ष सुरू झालं, मुलं आली, मागणी वाढली, हे कारण काकूंच्या मनात असलं तरी ओठांवर येऊ नये. खरं तर मनातही नसलेलं बरं.

अमूलचं निवेदन या दृष्टीने पाहण्यासारखं असतं. ३ जून २०२४ पासून दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढवताना त्यांनी वाढ तीन-चार टक्केच असल्याचं सांगितलं आणि ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ८० पैसे दूध उत्पादकांना जातात हेही आवर्जून मांडलं. वाढवलेला पैसा कुणाच्या हातात जातो हे दिसलं की तक्रारीचा सूर खाली येतो.

काकूंचा निरोप मग असा होईल:

‘नमस्कार. १ जूनपासून महिन्याच्या डब्याचा दर २४०० ऐवजी २६०० रुपये होईल. पोळ्या करणाऱ्या मावशींची आणि डबा पोचवणाऱ्या दादाची मजुरी वाढवली आहे. वाढीतला मोठा भाग त्याचाच आहे. डब्यात काहीही कमी होणार नाही. भात नको असल्यास दर २५०० राहील. ज्यांनी पुढचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांना ती मुदत संपेपर्यंत जुनाच दर. काही अडचण असेल तर मला फोन करा.’

यात हिशोबाचा सगळा कागद नाही. एकवीस ओळींचा खर्च लिहिला की वाचणारा त्यातली एखादी ओळ पकडून वाद घालतो. वरचे दहा रुपये काकूंनी स्वतः सोसले, तेही लिहिलेलं नाही. उपकार दाखवले की त्याची किंमत जाते. क्षमायाचनाही नाही. बिनभाताच्या डब्याचा पर्याय मात्र कामाचा आहे, कारण ज्याचा हात तंग आहे त्याला कारण न सांगता तिकडे वळता येतं.

निरोप मे महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जावा. तीस तारखेला कळवलं तर ग्राहकाला दुसरा डबा शोधायला वेळ मिळत नाही आणि अडवून घेतल्यासारखं वाटतं. जुन्या ग्राहकांना आधी फोनवर सांगावं, मग सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर. डबा पोचवणाऱ्या मुलाच्या तोंडून ही बातमी कधीही जाऊ नये. पुढच्या प्रश्नांना तो उत्तर देऊ शकत नाही आणि जिन्यात उगाच त्याच्यावर चिडचिड होते.

फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येईल: ‘आम्ही तुमचे पहिल्यापासूनचे, आमचा तरी जुनाच ठेवा.’ इथे नरम पडलं की घोटाळा झालाच. एकाच इमारतीत तीन डबे जात असतील तर आठवड्याच्या आत तिघांनाही एकमेकांचा दर कळतो, आणि जास्त देणारा ग्राहक तुटतो तो वाढीमुळे नव्हे, फसवल्यासारखं वाटल्यामुळे. सवलत द्यायचीच तर नियम करून द्यावी: दोन वर्षांहून जुन्या सर्वांना आणखी एक महिना जुना दर. तो नियम कुणालाही उघड सांगता येतो.

तोंडावर भांडणारे बहुधा टिकतात. लक्ष ठेवायचं ते ‘पुढचा महिना गावी आहे’ म्हणून डबा बंद करणाऱ्यांवर. असे निरोप नेहमीपेक्षा जास्त आले तर दर चुकला किंवा सांगणं चुकलं. दर न वाढवता गुपचूप पोळी लहान करणं, वरण पातळ करणं हा मार्ग मात्र मुळीच धरू नये. रोज तोच डबा उघडणाऱ्याला ते चार दिवसांत कळतं, आणि त्याचं स्पष्टीकरण देता येत नाही. दरवाढीनंतरचे पहिले पंधरा दिवस तर डब्याकडे भिंग लावूनच पाहिलं जातं.

दोन वर्षं थांबल्यामुळे दोनशेचा आकडा एकदम सांगावा लागला. दर जूनमध्ये शंभर वाढवणं दोघांनाही सोपं गेलं असतं. तेव्हा या वेळच्या निरोपात ‘हा दर पुढच्या जूनपर्यंत’ एवढं जरूर लिहा, पण वर्षभर तो पाळता येणार असेल तरच.