वर्गणी नव्हे, सौदा

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या महोत्सव समित्या पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरू लागतात. ओळखीचा दुकानदार पाचशे-हजाराची पावती फाडतो, पण पन्नास हजार मागितले की ‘बघू, मुलाला विचारतो’ म्हणतो. रक्कम मोठी झाली की व्यापारी वर्गणीदार राहत नाही, तो जाहिरातदार होतो. त्याला समितीच्या कार्याची महती नको असते. आपल्या पैशात काय मिळणार, एवढेच त्याला कळायला हवे असते. प्रायोजकत्वाचा प्रस्ताव म्हणजे या प्रश्नाचे लेखी उत्तर.

त्यामुळे देणगी आणि प्रायोजकत्व यांची सरमिसळ आधी थांबवावी. देणगीच्या बदल्यात काही द्यायचे नसते आणि समितीच्या न्यासाला मान्यता असेल तर त्यावर ८०-जी ची करसवलत मिळू शकते. कमानीवर नाव लावण्यासाठी घेतलेले पैसे मात्र जाहिरातीचे असतात. व्यापारी ते धंद्याचा खर्च म्हणून दाखवतो, आणि अशा व्यवहाराला जीएसटीचे नियमही लागू होतात. ‘जाहिरातही करू आणि ८०-जी ची पावतीही देऊ’ असे कबूल केले की पुढे दोघांचेही लेखापरीक्षक भांडतात. मोठ्या कंपनीच्या सीएसआर निधीकडे जातानाही हे ध्यानात ठेवावे. आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व कायद्याने सीएसआरमध्ये धरले जात नाही. अशा वेळी कंपनीच्या विपणन विभागाचे दार ठोठवायचे असते.

प्रस्तावाचा कणा म्हणजे प्रेक्षकसंख्या, आणि बहुतेक समित्या तिथेच घसरतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी तीन संध्याकाळचा महोत्सव आहे. मैदानात आठशे खुर्च्या आहेत, म्हणून प्रस्तावात ‘२,४०० प्रेक्षक’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात रोज सरासरी सहाशे खुर्च्या भरल्या, म्हणजे उपस्थिती १,८०० झाली. पण गाण्याला आलेली मंडळीच दुसऱ्या दिवशी नाटकालाही येतात. प्रत्येक जण सरासरी दोन संध्याकाळी आला असेल, तर माणसे नऊशेच. आकडा लहान दिसतो, पण सराफाला तो अधिक उपयोगी आहे, कारण या नऊशे जणांच्या नजरेस त्याचे नाव दोनदा पडणार असते. हे मोजण्यासाठी प्रवेशद्वारावर सोडतीची कुपने ठेवता येतात. त्यावर राहण्याचा भाग, वयोगट आणि आजवर किती दिवस आलात, एवढेच विचारावे. प्रेक्षक कोणत्या भागातून आले आणि त्यात कुटुंबे किती, हे समजले की कोणत्या दुकानाकडे जायचे तेही ठरते. लोकांचे मोबाइल क्रमांक मात्र प्रायोजकाच्या हाती देऊ नयेत.

आता दर. महोत्सवाचा खर्च चार लाख धरू. एक मुख्य प्रायोजक एक लाखाचा, तीन सहप्रायोजक प्रत्येकी चाळीस हजारांचे, पाच हजारांचे दहा स्टॉल आणि स्मरणिकेच्या साठ हजारांच्या जाहिराती, असे ३ लाख ३० हजार होतात. उरलेले सत्तर हजार तिकिटे आणि देणग्यांतून उभे करायचे. सगळी भिस्त एकाच प्रायोजकावर ठेवली आणि त्याने आयत्या वेळी हात वर केले, तर मंडपवाल्याचे पैसे कोण देणार? मंडप, ध्वनिव्यवस्था किंवा पाणी अशी वस्तुरूप मदत मिळत असेल, तर तिची किंमत बाजारभावाने धरून देणाऱ्याला त्याच पायरीवर बसवावे.

लाभ लिहिताना हात आखडता घ्यावा. मुख्य प्रायोजकाला सगळ्यात मोलाचे वाटते ते त्याच्या धंद्यातला दुसरा कोणी मंचावर न दिसणे. दोन सराफांची नावे एकाच पडद्यावर आली की पुढच्या वर्षी दोघेही गळतात. ‘चौकाचौकांत फ्लेक्स’ हे वचन नगरपरिषदेच्या परवानगीशिवाय देऊ नये, कारण विनापरवाना फलक उतरवले जातात आणि प्रायोजकाचे नाव कारवाईच्या बातमीत येते. निवेदकाने नाव किती वेळा घ्यायचे हेही ठरवावे. मैफल रंगात असताना चौथ्यांदा पतपेढीचे नाव आले की प्रेक्षक कलाकारावर नाही, पतपेढीवर चिडतात. प्रायोजकाच्या सत्काराला किती मिनिटे द्यायची, तेही लिहून ठेवलेले बरे.

वेळेचे गणितही आहे. दुकानदार सणाच्या गर्दीआधी निवांत असतो. कंपन्यांचे जाहिरातीचे अंदाजपत्रक आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरत असल्याने डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी नोव्हेंबरात गेलेला प्रस्ताव अनेकदा नुसताच वाचला जातो.

महोत्सव संपल्यावर पंधरा दिवसांत प्रायोजकाला दोन पानांचा अहवाल द्यावा. त्यात कुपनांवरून काढलेला खरा आकडा, फलकांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि कबूल केलेले कोणते लाभ देता आले नाहीत, हे सारे असावे. एखादा लाभ राहून गेला असेल तर त्याची भरपाई पुढच्या वर्षी कशी करणार, तेही लिहावे. पुढच्या मोसमात समितीचे लोक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतील, तेव्हा मालक आधी हीच दोन पाने काढून बघेल.