न वापरलेला डेटा परत मागताना

‘माझा डेटा उगाच कापला’ एवढंच लिहिलं, तर मोबाइल कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्या नोंदीनुसार तो वापरला गेला आहे.’ पत्रात राग किती आहे याला महत्त्व नाही. दोन आकड्यांतली तफावत दिसली पाहिजे.

म्हणून आधी फोन तपासा. सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपने किती डेटा घेतला ते दिसतं. स्क्रीन बंद असतानाही फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट चालू असतात. हॉटस्पॉटवरून दुसऱ्याने घेतलेला डेटाही तुमच्याच खात्यातून जातो. दोन सिम असतील तर आकडा त्याच सिमचा आहे ना, हे पाहा. फोन आणि कंपनी यांच्या मोजणीत थोडा फरक पडतोच, त्यामुळे चार-पाच एमबीवरून भांडण्यात अर्थ नाही.

पण समजा, रात्री दहा वाजता शिल्लक ६ जीबी होती आणि सकाळी सात वाजता ४ जीबी उरली. त्या रात्रीचा फोनमधला वापर मात्र ६० एमबीच दिसतो. दोन्ही स्क्रीनचे फोटो आणि शिल्लक कळवणारे मेसेज जपून ठेवा. मग १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. त्यानंतरचं पत्र किंवा ईमेल असा असावा:

‘महोदय, माझ्या प्रीपेड क्रमांकावर … तारखेच्या रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत सुमारे २ जीबी डेटा कमी झाला. फोनमधील नोंदीनुसार वापर ६० एमबी आहे. तक्रार क्रमांक … . कृपया या काळातील वापराचा तपशील वेळेसह द्यावा. कपात चुकीची असल्यास तेवढा डेटा परत जमा करावा. पॅकची मुदत संपली असल्यास नव्या मुदतीसह द्यावा. पुरावे सोबत जोडले आहेत.’

मुदतीचं वाक्य विसरू नका, कारण मुदत संपलेल्या पॅकमध्ये आलेला डेटा उपयोगाचा नसतो. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्यासाठी ५० रुपयांहून जास्त आकारता येत नाहीत आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो.

उत्तराने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. अपील मोफत असतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र उघडा आहे: दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या प्रत्येक टप्प्यावर पहिला प्रश्न तक्रार क्रमांकाचा असतो, म्हणून फोन ठेवण्याआधी तो लिहून घ्या.