‘कडक कंडिशन’ म्हणजे नेमकं काय?

“एकदम कडक गाडी, सिंगल हँड, एक रुपयाचं काम नाही, कागदपत्रं क्लिअर, किंमत बोलून ठरवू.” या जाहिरातीत गाडी कोणती, हेच कळत नाही. विशेषणं काढा आणि घेणारा फोनवर जे विचारणार, तेच लिहा:

“125 सीसी, 2018 मॉडेल, पहिला मालक, 41,000 किमी. इंजिन उघडलेलं नाही. मागचा टायर गुळगुळीत, टाकीला डावीकडे पोचा. आरसीवर बोजा नाही. पीयूसी चालू, विमा मार्चमध्ये संपला. 42,000 रुपये, टायरचा खर्च धरून. थोडंफार कमी होईल.”

दोष आधीच सांगितला की तो दाखवून भाव पाडता येत नाही. ‘कागदपत्रं क्लिअर’ मात्र फसवं असतं. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आरटीओकडे द्यावा लागतो. तो राहिला, तर गाडी नावावर करताना अडते. विम्याचंही तसंच: तो संपलेला असताना गाडी रस्त्यावर चालवून पाहणंही बेकायदा. म्हणून जाहिरातीआधी विमा काढा, नाहीतर तसं स्पष्ट लिहा.