कुणी आपलं रील कॉपी केलं तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?



हा विषय मला क्लासमध्ये नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा रडवेला असतो. "मॅडम, आमची आयडिया चोरली हो!" मी लगेच उत्तर देत नाही. आधी एकच प्रश्न विचारते, "नेमकं काय चोरलं?" पुढचं सगळं याच प्रश्नावर अवलंबून आहे. कसं ते माझ्याच दुकानात घडलेल्या दोन प्रसंगांवरून सांगते. पहिल्या वेळी मी चुकले, दुसऱ्या वेळी सावरले.

पहिली वेळ: रात्री अकरा वाजता टाकलेली स्टोरी

सांगलीत आमचं घरगुती मसाल्यांचं छोटं दुकान आहे. दर गुरुवारी मी एक रील टाकायचे. पिवळं कापड, त्यावर पितळी चमचा, चमच्यात एकच मसाला, त्याची गोष्ट आणि शेवटी बघणाऱ्यांना एक प्रश्न. दोन-तीन महिन्यांनी आमच्याच भागातल्या दुसऱ्या मसालेवाल्यांच्या पेजवर तेच पिवळं कापड दिसलं. चमचा तेवढा स्टीलचा होता. शेवटचा प्रश्नही माझ्यासारखाच.

माझं डोकंच फिरलं. दोन्ही रील शेजारी शेजारी लावली, वर "कॉपी करणाऱ्यांना स्वतःचं डोकं नसतं" असं लिहिलं आणि रात्री अकरा वाजता स्टोरी टाकून मोकळी झाले.

सकाळी आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "अगं, तुझी स्टोरी बघून मी त्यांचं पेज उघडलं. गोडा मसाला बरा दिसला, पावशेर मागवलाय." म्हणजे त्यांची जाहिरात मीच केली होती, तीही फुकटात, माझ्याच गिऱ्हाइकांपुढे! शिवाय दोन्ही दुकानांना पिशव्या पुरवणारा माणूस एकच. मधल्या मधे तो बिचारा अवघडला, आणि माझं बोलणं बाजारभर झालं.

मी स्टोरी काढली, पण लोकांनी ती बघून झाली होती. शिवाय ज्यावर मी एवढी चिडले होते, ते पिवळं कापड आणि चमचा, त्यावर माझा कायदेशीर हक्कच नव्हता. हे मला नंतर कळलं.

आपलं काय आणि सगळ्यांचं काय?

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तो कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कल्पना तुम्ही ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक गाजलेला निकाल आहे. नाटककार आर. जी. आनंद यांचा दावा होता की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यांच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला आहे. प्रांतवादाचा विषय दोन्हींत होता, तरीही दावा टिकला नाही. विषय सारखा असणं पुरेसं नाही, मांडणीची ठळक नक्कल दिसली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं.

आपल्या धंद्यात याचे तीन ढीग करा.

पहिला ढीग शैलीचा: कापडाचा रंग, चमचा, "आज एकच मसाला" ही कल्पना, शेवटी प्रश्न विचारायची पद्धत, गुरुवारचा दिवस. यावर कुणाचीच मालकी नाही. मसाल्याच्या घटकांचंही तसंच. कांदा लसूण मसाला आपण तरी कुठे शोधून काढलाय? मीही तो सासूबाईंकडून शिकले, त्या त्यांच्या आईकडून.

दुसरा ढीग प्रत्यक्ष वस्तूचा: तुम्ही काढलेला फोटो, तुमच्या व्हिडिओचा तुकडा, तुम्ही लिहिलेला मजकूर जसाच्या तसा. हे तुमचं. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. फोटोग्राफरला पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसताना हक्क साधारणपणे पैसे देणाऱ्याचा असतो. पण फोटो मित्राने फुकट काढून दिला असेल तर हक्क मित्राचाच राहतो. मग त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

तिसरा ढीग नाव आणि लोगोचा: पाकीट बघून गिऱ्हाईक त्यांनाच तुम्ही समजत असेल, तर प्रकरण ट्रेडमार्कचं आहे. त्याबद्दल शेवटी बोलते.

दुसरी वेळ: बेगडी मिरची

वर्षभराने त्याच पेजवर एक पोस्ट आली. फोटो आमच्या गच्चीवरचा, मिरची वाळत घातलेला. कोपऱ्यातली आमची निळी पाण्याची टाकी अर्धी कापली होती, अर्धी दिसत होती. खालचा मजकूरही माझाच. रंगासाठी कोणती मिरची आणि तिखटपणासाठी लवंगी का, हे सगळं होतं. आणि गंमत बघा, मी घाईत "बेडगी"चं "बेगडी" टाइप केलं होतं. त्यांच्या पोस्टमध्येही "बेगडी मिरची"! आपली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली असेल, तर याहून सरळ पुरावा नाही.

या वेळी मी फोन बाजूला ठेवला. जेवले, झोपले. सकाळी क्रमाने कामाला लागले.

आधी पुरावा, मग बोलणं. उलटं केलं तर समोरचा पोस्ट उडवतो आणि हातात काही राहत नाही. मी त्यांचं पेज उघडण्यापासून ती पोस्ट दिसेपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. पोस्टची लिंक, पेजचं नाव आणि तारीख वहीत लिहिली. मग माझा मूळ फोटो शोधला. मूळ म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातली फाइल. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवलेली प्रत चालत नाही, कारण त्यात फोटो कधी काढला ही आतली माहिती निघून जाते. त्याच दिवशी काढलेले पुढचे-मागचे चार फोटोही जपून ठेवले. ते दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाहीत.

मग मेसेज. तोही खाजगी. जसाच्या तसा देते:

"नमस्कार दादा. तुमच्या पेजवर काल टाकलेला मिरचीचा फोटो आणि खालचा मजकूर आमच्या पेजवरचा आहे. लिंक सोबत देते. कदाचित नजरचुकीने झालं असेल. उद्या संध्याकाळपर्यंत ती पोस्ट काढावी ही विनंती. काही बोलायचं असेल तर दुपारी दोन ते चार मी दुकानात असते."

यात काय नाही ते बघा. "चोर" नाही, "कोर्ट" नाही, आणि वर्षापूर्वीच्या पिवळ्या कापडाचा राग नाही. जे नक्की माझं आहे तेवढंच मागितलं, त्याला वेळ दिली आणि त्यांना मान राखून माघार घ्यायला जागा ठेवली. हक्क नसलेल्या दोन गोष्टी यादीत घुसडल्या असत्या, तर वाद त्या दोनवरच झाला असता. आणखी एक: बिनबुडाच्या कायदेशीर धमक्या दिल्या तर समोरचाच तुमच्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो. तशी तरतूद कायद्यात आहे.

दुपारी त्यांचाच फोन आला. "ताई, पेज भाचा बघतो. मला यातलं काही कळत नाही. काढायला सांगतो." संध्याकाळी पोस्ट गेली. छोट्या दुकानांत खूपदा असंच असतं, पेज चालवणारा वेगळा आणि गल्ल्यावर बसणारा वेगळा.

उत्तर आलंच नाही तर

दोन दिवस थांबा, मग प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या तीन ठिपक्यांत Report आहे, त्यात Intellectual property निवडा. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, म्हणून दुकानाचा ईमेल द्या. यूट्यूबवर लगेच व्हिडिओ उडवण्याऐवजी सात दिवसांची मुदत देण्याचा पर्यायही आहे. तेवढ्यात त्यांनी स्वतः काढला तर त्यांच्या चॅनेलला स्ट्राइक बसत नाही. रोज समोरासमोर येणाऱ्या दुकानदाराशी व्यवहार असेल तर मी हाच पर्याय निवडेन. मात्र पहिल्या ढिगासाठी हा फॉर्म भरू नका. शैलीची तक्रार टिकत नाही, आणि खोटी तक्रार तुमच्यावरच उलटू शकते.

मग शैलीचं काय करायचं?

ते आजही पिवळं कापड वापरतात. मी आधी एक गोष्ट तपासली: याने माझं खरंच किती नुकसान होतंय? दोन आठवडे गल्ल्याजवळ वही ठेवली आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" बहुतेकांना जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, काही रील बघून आले होते. "ते पेज आणि तुमचं एकच वाटलं" असं कुणीही म्हटलं नाही. माझी झोप उडाली होती, पण गल्ला जागेवर होता.

तरीही रीलमध्ये दोन बदल केले. दुकानाचं नाव कोपऱ्यात टाकणं बंद केलं, कारण कोपरा कापता येतो. आता नाव चमच्याच्या अगदी शेजारी असतं आणि पहिल्या वाक्यातच मी ते बोलते. दुसरं म्हणजे नुसत्या माहितीऐवजी आमच्याच दुकानात घडणारं दाखवायला लागले: आज मार्केट यार्डातून आणलेलं मिरचीचं पोतं, डंकावर कुटणाऱ्या मावशी, पाकिटावरची कुटल्याची तारीख, आणि "या वेळी मसाला जरा जास्त तिखट झालाय" अशी गिऱ्हाइकाची तक्रार, तिच्यावरच्या माझ्या उत्तरासकट. भाच्याला पिवळं कापड विकत मिळालं, पण आमच्या मावशी आणि आमची तक्रार त्याला कुठून मिळणार?

तिसरा ढीग मात्र अंगावर काढू नका

नाव, लोगो किंवा पाकीट इतकं सारखं आहे की गिऱ्हाईक फसतंय, अशा वेळी गोड मेसेजवर थांबू नका. गिऱ्हाइकाचा "तुमचं म्हणून त्यांचं घेतलं" असा मेसेज आला तर तो जपून ठेवा आणि वकिलांना भेटा. नोंदणी नसली तरी जुन्या वापराच्या आधारे दावा करता येतो, म्हणून पहिली बिलं आणि जुनी पाकिटं फेकू नका. नोंदणी केलेली बरी. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. ™ हे चिन्ह अर्जाआधीही लावता येतं, ® मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावलं तर तो गुन्हा ठरतो.

तर पुढच्या वेळी कुणाच्या पेजवर तुमचं काही दिसलं, की आधी वही काढा आणि तीन ढीग लिहा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगात काहीच आलं नाही, तर वही मिटा आणि उद्याच्या ऑर्डरी भरायला घ्या.