हवेचा काटा किती खरा?

टायरमधला दाब मोजायची साधने मुख्यतः तीन आहेत: पेट्रोल पंपावरचे हवेचे मशीन, तबकडीवर काटा फिरणारे गेज आणि आकडे दाखवणारे डिजिटल गेज. तिन्ही एकाच टायरला लावली तर तीन वेगळे आकडे दिसू शकतात. किती फरक चालवून घ्यावा, याचे माप ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेच्या शिफारशीनुसार ४ बारपर्यंतच्या दाबाला ०.०८ बारपर्यंत, म्हणजे सव्वा पीएसआयच्या जरा आत, चूक क्षम्य आहे. मोटारीच्या टायरमधला नेहमीचा दाब याच टप्प्यात येतो.

तबकडीच्या गेजात बहुधा एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. हवा आत शिरली की ती सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल दातेरी चाकांतून काट्यापर्यंत पोचते. गेज हातातून पडले तर नळीचा बाक किंचित बदलतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. अशा गेजची अचूकता बहुधा पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. २ टक्क्यांचे गेज ६० पीएसआयपर्यंतचे असेल तर सव्वा पीएसआयच्या आसपास चुकू शकते. तेवढ्याच टक्क्यांचे २०० पीएसआयचे गेज ४ पीएसआय चुकू शकते. म्हणून मोटारीसाठी ट्रकचे गेज घेऊ नये. काटा शून्यावर टेकलेला दिसला म्हणून गेज बरोबर, असेही समजू नये. पुष्कळ गेजांत तिथे अडणी असते आणि शून्याखाली सरकलेला काटा तिलाच टेकून राहतो.

डिजिटल गेजात दाबाने ताणला जाणारा सिलिकॉनचा पातळ पडदा असतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा निघतो. पडद्यावर ३२.७ दिसले म्हणजे दशांशापर्यंत खात्री आहे, असे नाही. दशांश दिसतो, पण चूक एका पीएसआयची असू शकते. काही गेज सुरू करतानाच शून्य ठरवतात. ते व्हॉल्व्हला लावून मग सुरू केले तर सुरुवातच चुकते. सेल उतरला असेल तर आकडे उड्या मारतात.

पंपावरच्या मशीनवर आकडा लावला की ते हवा सोडते, मध्येच थांबून नळीतला दाब पाहते आणि पुरेसा झाला की आवाज देते. त्याचा सेन्सर टायरपाशी नसतो, नळीच्या दुसऱ्या टोकाला असतो. व्हॉल्व्हशी हवा फुसफुसत असेल तर मशीनला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि हवा जास्त भरली जाते.

गेज तपासताना आधी ते स्वतःशी जुळते का, हे पाहावे. गार टायरला तेच गेज चार-पाच वेळा, फुसकारा न होता, लावावे. आकडे अर्ध्या-एक पीएसआयच्या आत राहिले तर पुढे जावे. दरवेळी थोडी हवा निघते, त्यामुळे आकडा हळूहळू उतरला तर दोष गेजचा नाही. नेहमी तोच आकडा आला तरी तो खरा असतोच असे नाही. त्यासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र असलेल्या गेजशी तुलना करावी लागते.

असे तपासलेले गेज जवळ असले की पंपाचे मशीन तिथल्या तिथे पारखता येते. सकाळच्या आकड्याशी मात्र तुलना करू नये. सकाळी ३३ पीएसआय असलेला टायर चालून १५ अंशांनी तापला तर दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो. तेव्हा मशीनने ३५.५ दाखवले तर ते बरोबरच आहे. पारखण्यासाठी टायर २५ पर्यंत उतरवावा, मशीनला ३० लावावे आणि आवाज आल्याबरोबर आपले गेज लावावे. मग ३५ लावून पुन्हा पाहावे. आपल्या गेजवर अनुक्रमे २७.५ आणि ३२.५ आले, तर मशीन दोन्हीकडे अडीच कमी भरते आणि तेवढे वाढवून लावता येते. फरक २९ आणि ३२ असा वाढत गेला, तर दुरुस्तीचा एकच आकडा सगळीकडे चालणार नाही. त्याच टायरला दरवेळी वेगळाच फरक आला, तर त्या मशीनच्या आकड्यावर विसंबू नये.

पंप घरापासून दूर असला तर सकाळी गार टायरची तूट टिपून ठेवावी. हवे ३३ आणि आहेत २९, तर तूट ४ पीएसआयची. पंपावर पोचल्यावर तेच गेज ३१.५ दाखवत असेल, तर त्याच गेजवर ३५.५ येईपर्यंत हवा भरावी. मशीनवर कोणताही आकडा दिसला तरी दुसऱ्या दिवशी गार टायरमध्ये ३३ च्या जवळपास दाब मिळतो.