मास्कच्या जागी आलेला चेहरा

2020 आणि 2021 सालच्या लग्नांचे फोटो घरोघरी जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतली कित्येक माणसं डोळ्यांखाली झाकलेली आहेत. त्यांतली काही आता हयात नाहीत. त्यामुळे फोटोतला मास्क पुसून त्याजागी नाक, ओठ आणि हनुवटी आणून देणारं सॉफ्टवेअर हाती आलं की घरातला कोणीतरी ते आजीच्या फोटोवर चालवून बघतोच. निकाल पाहून डोळ्यांत पाणी येतं आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, ‘छान दिसतेय, पण ही आपली आजी नाही.’ असं का होतं, हे समजायचं तर आत काय घडतं ते पाहायला हवं.

समजा, फोटो सत्तरीतल्या एका आजींचा आहे. कपाळावर कुंकू, चेहरा किंचित डावीकडे वळलेला, खिडकीतून येणारा उजेड एका गालावर आणि निळा सर्जिकल मास्क. मास्कखाली नाकात चमकी आहे आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2020 साली नेमक्या याच कामासाठी एक पद्धत मांडली आणि तिने काम दोन टप्प्यांत विभागलं. पहिल्या टप्प्यात फक्त मास्क शोधायचा. संगणक फोटोतला एकेक बिंदू तपासून तो मास्कचा आहे की नाही हे ठरवतो आणि एक काळापांढरा नकाशा तयार करतो: मास्क पांढरा, बाकी सगळं काळं. या नकाशात चुकार ठिपके राहतात, कडा खडबडीत येतात, म्हणून पांढरा भाग आधी थोडा आक्रसून आणि मग पुन्हा फुगवून तो साफ करतात. हा टप्पा सोपा वाटतो, पण पुढचे बरेच दोष इथेच जन्माला येतात. कानामागे जाणारी बारीक दोरी नकाशातून सुटली, तर शेवटच्या चित्रात गालावर एक पांढरट रेघ उरते. मास्कची गालावर पडलेली सावली सुटली, तर नव्या त्वचेच्या कडेने काळपट पट्टा दिसतो. मास्कऐवजी साडीचा पदर तोंडावर धरलेला असेल, तर तो कुठे संपतो हेच संगणकाला नीट कळत नाही.

दुसऱ्या टप्प्यात पांढरा भाग भरायचा. फोटोतली भोकं भरण्याचं गणित जुनं आहे. 2000 साली आलेल्या एका गाजलेल्या पद्धतीत भोवतालच्या रंगरेषा हळूहळू आत ओढून ओरखडे बुजवले जात. जुन्या फोटोवरची चीर त्याने सुरेख भरते. पण आजींच्या मास्कवर ती चालवली तर गालांचा रंग आत पसरेल आणि नाकाच्या जागी सपाट कातडी येईल, कारण कडेला नाक नाहीच. तिथे नाक असतं हे आधी ठाऊक असायला हवं.

ते ज्ञान हजारो चेहऱ्यांतून येतं. कोरियन संशोधकांनी सेलेब-ए हा प्रसिद्ध व्यक्तींच्या दोन लाखांवर फोटोंचा खुला संग्रह वापरला. अडचण अशी, की एकाच क्षणी मास्कसह आणि मास्कविना काढलेला फोटो कोणाकडेच नसतो. म्हणून उघड्या चेहऱ्यांवर संगणकानेच वेगवेगळ्या आकारांचे आणि रंगांचे मास्क चढवले आणि जोड्या तयार केल्या. प्रश्न मास्क घातलेला, उत्तर मूळ फोटो.

आता शिकवताना नियम एवढाच ठेवला, की भरलेला भाग मूळ फोटोच्या जितका जवळ तितके गुण जास्त, तर संगणक धूसर ओठ काढू लागतो. त्याचं कारण गमतीचं नाही, गणिती आहे. त्याच डोळ्यांखाली ओठ मिटलेले असू शकतात, हसरे असू शकतात, पातळ किंवा जाड असू शकतात. या सगळ्यांची सरासरी काढली की कमीत कमी चूक होते, आणि सरासरी ओठ म्हणजे गुलाबी धुकं. त्यावर उपाय म्हणून दुसरं एक जाळं परीक्षक म्हणून बसवतात. खरा फोटो आणि भरलेला फोटो यांतला फरक ओळखणं हे त्याचं काम. चित्र काढणारं जाळं त्याला फसवायला शिकतं, परीक्षक अधिक चाणाक्ष होत जातो. कोरियन पद्धतीत असे दोन परीक्षक आहेत. पहिला पूर्ण चेहरा पाहून नाक डोळ्यांच्या मधोमध आहे का, हनुवटी वळणाला धरून आहे का हे तपासतो. तो घडी बसवू लागला की दुसरा येतो आणि फक्त भरलेल्या भागाकडे बारकाईने बघतो.

आजींच्या फोटोत दिसणारा भाग बरंच काही सांगतो. डोळ्यांच्या आणि भुवयांच्या मांडणीवरून मान किती वळली आहे ते कळतं, म्हणून नाकही तितकंच वळलेलं येतं. कपाळावरच्या उजेडावरून नाकाची सावली कोणत्या बाजूला पडेल ते ठरतं. डोळ्यांच्या कडांना पडलेल्या सुरकुत्यांवरून वय आणि हसू कळतं, म्हणून ओठ हसरे येतात. कातडीचा रंग गालावरून मिळतो. एवढं जुळलं की चित्र पटतं.

पण चमकी येणार नाही आणि गोंदणही येणार नाही. कपाळ, भुवया, डोळे यांत त्यांचा मागमूसच नसतो. हनुवटीची रुंदी, पडलेला दात, नाकाचा शेंडा यांचंही तसंच: डोळ्यांशी त्यांचं नातं इतकं सैल आहे, की एकाच नजरेखाली शेकडो जबडे शोभतात. संगणक त्यांतला एक निवडतो, आणि तो शिकताना पाहिलेल्या चेहऱ्यांकडे झुकलेला असतो. प्रसिद्ध माणसांच्या फोटोंवर शिकलेलं जाळं आजींना गुळगुळीत गाल आणि सरळ दंतपंक्ती देण्याची शक्यता जास्त.

हे घरीही तपासता येतं. नव्या पद्धतींत तोच फोटो पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. दरवेळी कपाळ तेच आणि तोंड वेगळं आलं, तर त्या तोंडात फोटोतली माहिती किती आणि अंदाज किती हे समोरच दिसतं. जे प्रत्येक वेळी तसंच राहतं, म्हणजे वळण, उजेड, वर्ण, त्यावर विश्वास ठेवावा. जे बदलत राहतं ते आजींचं नाही.

म्हणूनच ओळख पटवण्यासाठी असा चेहरा वापरणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने जुलै 2020 मध्ये, महासाथीपूर्वी बनलेल्या 89 चेहरा-ओळख प्रणाली मास्क चढवलेल्या फोटोंवर तपासल्या. विनामास्क फोटोंत सर्वोत्तम प्रणाली हजारात सुमारे तिघांना ओळखण्यात चुकत होती. मास्कमुळे अगदी चांगल्या प्रणालींचीही चूक शेकडा पाचच्या आसपास गेली आणि इतर बऱ्याच प्रणालींची वीस ते पन्नासपर्यंत. अशा वेळी मास्क पुसून चेहरा पूर्ण करून मगच ओळखावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण भरलेली हनुवटी डोळ्यांवरूनच काढलेली असते, त्यामुळे तिच्यातून डोळ्यांपलीकडचा नवा पुरावा मिळत नाही. उलट सीसीटीव्हीतल्या संशयिताला असा जबडा देऊन ते चित्र लोकांत फिरवलं, तर तसाच जबडा असलेला एखादा निरपराध माणूस अडकेल.

आजींच्या फोटोसाठी मात्र चांगला मार्ग आहे. काही नव्या पद्धती त्याच व्यक्तीचा दुसरा, उघड्या चेहऱ्याचा फोटो सोबत घेतात आणि नाक, ओठ, हनुवटी तिथून उचलून या फोटोच्या वळणाला आणि उजेडाला जुळवतात. असा फोटो निवडताना वय जवळचं असावं, मान साधारण त्याच बाजूला वळलेली असावी आणि हनुवटी स्पष्ट दिसावी. आधारकार्डावरचा फोटो समोरून काढलेला आणि बारीक असतो, म्हणून त्यापेक्षा मास्क येण्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीच्या घरगुती समारंभातला फोटो बरा. त्यात गोंदण ठळक दिसत असेल, तर ते जागेवर यायची शक्यता खूप वाढते. चमकी फार बारीक असते, ती कदाचित हातानेच काढून घ्यावी लागेल.