ट्रान्सफॉर्मरवर १२ लिहिलेले, मीटरवर १८

जुन्या पद्धतीचा, हातात घेतला की जड लागणारा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय काहीही न जोडता मीटरने मोजला, तर आकडा १८ च्या आसपास येतो. बरेच जण मीटरवरच संशय घेतात. मीटर बरोबर असतो. हा आकडा १८ का येतो, आणि भार जोडल्यावर तो खाली का घसरतो, हे कळले की ॲम्प्लिफायरमधली घरघर कुठून येते तेही कळते.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब २३० वरून १२ वर आणतो, पण हा १२ सरासरी परिणामाचा आकडा आहे. प्रत्येक लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट उंच, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट असतो. पुढे चार डायोडांचा ब्रिज लागतो. उलट्या दिशेची अर्धी लाटही तो सुलट करून पाठवतो, म्हणून त्याला फुल वेव्ह रेक्टिफायर म्हणतात. प्रत्येक वेळी प्रवाह दोन डायोडांतून जातो आणि एकेक डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो. १७ मधून १.४ गेले, उरले १५.६.

कपॅसिटर लावलाच नाही, तर बाहेर नुसते एकापाठोपाठ एक उंचवटे येतात आणि दाब दर वेळी शून्यापर्यंत उतरतो. त्यांची सरासरी माथ्याच्या ०.६३७ पट, म्हणजे जेमतेम १० व्होल्ट भरते. त्यावर पंखा फिरेल, रेडिओ नीट वाजणार नाही.

आता ब्रिजच्या पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडू. काम गच्चीवरच्या टाकीसारखे आहे: नळाला पाणी थोडाच वेळ येते, तेवढ्यात टाकी भरते आणि मधला वेळ घर टाकीवर चालते. लाट माथ्यावर आली की कपॅसिटर १५.६ पर्यंत भरतो. लाट उतरू लागली की डायोड बंद होतात आणि भाराला प्रवाह एकटा कपॅसिटर पुरवतो. भारच नसेल, तर त्यातून काही जात नाही आणि मीटर थेट माथ्याचाच आकडा दाखवतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरवरचा १२ हा आकडा पूर्ण भाराच्या वेळचा असतो. मोकळा असताना लहान ट्रान्सफॉर्मर १३ ते १४ व्होल्ट देतो आणि डायोडही कमी खातात. हे सगळे मिळून १८ होतात.

भार जोडला की कपॅसिटरचा दाब दोन माथ्यांच्या मध्ये थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. या चढउताराला रिपल म्हणतात. दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्यामुळे सेकंदाला १०० माथे येतात, म्हणून रिपलची वारंवारता १०० हर्ट्झ. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ती १२०. दोन माथ्यांमधले अंतर आपल्याकडे १० मिलीसेकंद आहे. तेवढ्यात दाब किती उतरेल, ते या सूत्रातून निघते:

V = I / (2 × f × C)

इथे f म्हणजे मूळ ५० हर्ट्झ. भार १०० मिलीअँपिअरचा घेतला, तर ०.१ ला १०० ने आणि ०.००१ फॅरडने भागायचे. उत्तर १ व्होल्ट. दाब १५.६ आणि १४.६ यांच्या मध्ये हेलकावतो, म्हणून सरासरी सुमारे १५.१. मीटर डीसीवर ठेवला की हाच सरासरीचा आकडा दिसतो. दरीचा तळ त्यावर कधीच दिसत नाही, आणि खरी अडचण तळाशीच असते.

कारण या सप्लायच्या पुढे बहुधा ७८१२ हा रेग्युलेटर असतो. स्थिर १२ व्होल्ट द्यायला त्याच्या तोंडाशी सतत १४ च्या वर दाब लागतो. १०० मिलीअँपिअरला तळ १४.६ वर आहे, काम चालते. आता त्याच सप्लायवर ५०० मिलीअँपिअरचा ॲम्प्लिफायर लावा. सूत्र ५ व्होल्टची घसरण सांगते. प्रत्यक्षात ती ४ च्या आसपास भरते, कारण पुढची लाट १० मिलीसेकंद पुरे व्हायच्या आधीच चढून कपॅसिटरला गाठते. रिपल लहान असेल तेव्हाच सूत्र नेमके उतरते. तरीही तळ १२ च्या खाली गेला. सरासरी साडेतेरा दिसते, पण सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटर उपाशी राहतो आणि ती भूक स्पीकरमधून घरघर बनून ऐकू येते.

ही घरघर कानांनी ओळखायला शिकावी, असे मला मनापासून वाटते. कपॅसिटर लहान पडला किंवा वर्षांनुवर्षे गरम होऊन आतून सुकला, तर आवाज १०० हर्ट्झचा. ब्रिजमधला एक डायोड तुटून उघडा पडला, तर अर्ध्या लाटा गळतात, आवाज एक सप्तक खाली, ५० हर्ट्झवर येतो आणि घसरण दुप्पट होते. मग १०० मिलीअँपिअरचा साधा भारही तळाला १३.६ वर नेतो आणि कालपर्यंत नीट चालणारे यंत्र घुमू लागते. तिथे कपॅसिटर बदलून उपयोग नाही. आधी डायोड तपासावेत. मात्र इनपुटच्या तारांमध्ये थेट घरातल्या विजेचा शिरकाव झाला तरी ५० हर्ट्झच ऐकू येतो. म्हणून आवाज लहान करून पाहावा: रेग्युलेटरच्या अलीकडचा दोष आवाजाच्या बटणाने सहसा बदलत नाही.

कपॅसिटर मोठा करणे हा पहिला उपाय. ४७०० मायक्रोफॅरड लावला, तर ५०० मिलीअँपिअरला रिपल जेमतेम १ व्होल्ट उरतो आणि तळ साडेचौदाच्या आसपास येतो. पण त्याची किंमत ट्रान्सफॉर्मर मोजतो. १० मिलीसेकंदांचा खर्च दोन-अडीच मिलीसेकंदांत, आणि कपॅसिटर वाढेल तसा त्याहूनही कमी वेळात, भरून काढायचा असतो. म्हणून डायोडांतून अर्ध्या अँपिअरऐवजी काही अँपिअरचे झटके जातात. एवढ्यामुळेच १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरकडून डीसीच्या बाजूला ०.६ अँपिअरच्या वर मागू नये; मागितले, तर तो तापतो.

आणि एका गोष्टीपुढे कितीही मोठा कपॅसिटर हरतो. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की घरातला दाब कधी २०० व्होल्टवर येतो. तेव्हा १२ चे सुमारे साडेदहा होतात, डायोडांनंतर माथाच १३.३ वर राहतो, आणि माथाच १४ च्या खाली असेल तर दरी भरून काय होणार? अशा ठिकाणी ७८१२ साठी १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. रेग्युलेटरवर उष्णता वाढेल, म्हणून त्याला मोठा हीटसिंक लावावा. आणि कपॅसिटर २५ व्होल्टचा न घेता ३५ व्होल्टचा घ्यावा, कारण घरातला दाब २५० असताना भार काढला, की त्याच सप्लायचा माथा २५ च्या वर जातो.